चीक १ गंज पानी १।

आजीच्या वहीतलं कुरडयांचं पान जेमतेम आठ ओळींचं आहे. तिचा 'न' आणि तिची मोडणी न बदलता ते इथे देते.

कुरडया
गहू १ पायली
३ रात्र भिजू घालने पानी रोज बदलने
वाटून गाळून चीक काढने
चीक १ गंज पानी १।
मीठ शेरामागे रुपयाभार
आधन आल्यावर चीक सोडने
चकाकी येईपावतर हालवने गरमच साच्यात भरने

वही यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या आमच्या गावात आहे आणि मी नेदरलँड्समध्ये. चुलतभावाने एकेका पानाचा फोटो काढून पाठवला, आणि मी ती पानं संध्याकाळी कामावरून आल्यावर टाईप करत गेले. लाल कापडाच्या बांधणीची ही लांबट वही मुळात आजोबांची. पुढच्या पानांवर कापसाच्या वेचणीची मजुरी, सरकीचे भाव, कुणाला किती उसने दिले ते आहे. मागची कोरी पानं आजीने घेतली. सासूने तोंडी सांगितलेलं तिने १९६०च्या दशकात लिहायला घेतलं आणि अधूनमधून भर घालत राहिली. तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण अक्षर टपोरं आणि आकडे नेमके.

हे आकडे नेमके असूनही आपल्याला लागत नाहीत, इथेच सगळी अडचण आहे. वाटी, गंज म्हणजे पातेलं, मूठ ही मापं मोघम असणार हे मी धरूनच चालले होते. पण कुरडयांच्या पानावर गंज सोडला तर एकही मोघम माप नाही. पायली आहे, शेर आहे, रुपयाभार आहे. लिहिणारीच्या घरात या प्रत्येकाची वस्तू फळीवर किंवा डब्यात होती. त्या वस्तू गेल्या आणि नुसती नावं वहीत राहिली.

टाईप करताना मी सुरुवातीपासून एक नियम पाळला. आधी वहीत जे आहे ते काना-मात्रेसकट तसंच उतरवायचं आणि ग्रॅम-लिटर खाली वेगळ्या ओळीत लिहायचे. मूळ आकडा खोडून त्याच्या जागी आपला आकडा घालायचा नाही. आपला हिशेब उद्या कुणाला चुकीचा वाटला, तर त्याला मुळापर्यंत परत जाता आलं पाहिजे.

पायलीपासून सुरुवात केली. शाळेतलं कोष्टक सांगतं की चार शेरांची एक पायली. पण शेर दोन होते. एक काट्यावरचा, ८० तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशेबात सुमारे ९३३ ग्रॅम. दुसरा मापाचा, धान्य भरून मोजायचा. काट्याचा शेर धरला तर पायलीभर गहू पावणेचार किलोच्या जवळ जातो. मापाचा धरला तर किती ते ज्याच्या त्याच्या पायलीवर, कारण गावोगावची पायली सारखी नव्हती. विदर्भ आधी मध्य प्रांत-वऱ्हाडच्या आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाच्या कारभारात होता, त्यामुळे पुण्याकडच्या पुस्तकातली पायली आमच्या घरच्या पायलीशी जुळेल याची काहीच खात्री नव्हती.

आमच्या घरची पायली मात्र अजून आहे. लोखंडी, बुडाला पट्टी मारलेली. सध्या तिच्यात खिळे आणि जुने बिजागर असतात. भावाने ती घासून लिटरच्या बाटलीने पाणी भरून पाहिलं. चार लिटरला किंचित कमी. मग काकूंनी त्याच पायलीत गहू भरला, वरून हात फिरवून सपाट केला आणि काट्यावर घातला. तीन किलो शंभर ग्रॅम. आजी बाजेवर बसून बघत होती. म्हणाली, "सपाट कायले करता? शीग पाह्यजे." गव्हाची रास वर उभी राहीपर्यंत भरल्यावर आकडा तीन किलो साडेतीनशेवर गेला. म्हणजे शीग अडीचशे ग्रॅमची.

मग पानात कोणता आकडा लिहायचा? देणं-घेणं शिगेचं आणि स्वयंपाक सपाट, असं आजीने सांगितलं. दुसऱ्याला द्यायचं तर माप ओसंडून द्यायचं, घरात भिजवायचं तर हात फिरवायचा. म्हणून मी ३ किलो १०० ग्रॅम लिहिले, आणि शिगेचा आकडाही शेजारी ठेवला.

रुपयाभार त्या मानाने सोपा निघाला, कारण त्यासाठीही वस्तू सापडली. जुना चांदीचा रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. सोनारापासून किराणा दुकानापर्यंत सगळे त्याचा वजन म्हणून वापर करायचे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले, पण घरातल्या बायकांचा रुपयाभार पुढे कितीतरी वर्षं तसाच चालू राहिला. आजीच्या देव्हाऱ्यात राजाचं डोकं असलेला एक रुपया लक्ष्मीपूजनासाठी ठेवलेला आहे. तो काट्यावर ठेवला तेव्हा आकडा ११ आणि १२ च्या मध्ये नाचत राहिला. आता चालतो तो लहान स्टीलचा रुपया चार ग्रॅमही भरत नाही. कुणी भाबडेपणाने आजच्या नाण्याने मीठ मोजलं तर कुरडई अळणी होईल, आणि दोष आजीच्या वहीला लागेल.

शेरामागे रुपयाभार, म्हणजे पायलीला चार रुपयाभार, म्हणजे ४७ ग्रॅम मीठ. पण शेर गव्हाचा की चिकाचा? वहीत 'मीठ' ही ओळ चिकाच्या ओळीखाली आहे, म्हणून मला चिकाचा वाटत होता. आजीला विचारलं तर तिला प्रश्नच विचित्र वाटला. "गव्हाचा. चीक किती निघते थे आधी कोणाले मालूम? मीठ त आदल्या रातीच काढून ठेवा लागते." पहाटे चारला चूल पेटवायची असते, त्या वेळी चार जणींच्या गडबडीत मीठ मोजत कोण बसणार? रात्रीच पुडीत बांधून ठेवायचं. आणि रात्री हाती असतो तो फक्त गव्हाचा आकडा.

एक गोष्ट मात्र मी खाली टिपेत घातली. तेव्हा मीठ खड्याचं होतं. वजनाने मोजलं तर खडा आणि बारीक यांत फरक नाही, पण चमच्याने मोजलं तर आहे. बारीक मिठाचा सपाट चहाचा चमचा सहा ग्रॅमच्या आसपास भरतो, खड्याचा त्याहून कमी. म्हणून या पानावर चमचे दिलेच नाहीत.

आता ती उभी रेघ. 'चीक १ गंज पानी १।'

छापील मराठी वाचत वाढलेल्या माणसाला ती पहिल्या वाचनात रेघोटी किंवा पूर्णविराम वाटते. ओळ संपली, वाक्य संपलं, रेघ ओढली. तसं वाचलं तर अर्थ सरळ लागतो: एक गंज चीक, एक गंज पाणी. शिवाय तो अर्थ बरोबर असण्याचीही पूर्ण शक्यता होती, कारण चिकाइतकंच पाणी हेच प्रमाण बहुतेक घरांत सांगतात. काकूंच्या माहेरी, वाशीमकडे, असंच करतात.

पण आठ ओळींत बाकी कुठेच पूर्णविराम नाही. मग मी मागेपुढे शोधायला लागले. अनारशांच्या पानावर 'गूळ ॥ शेर' आहे. सांडग्यांच्या पानावर 'डाळ १॥ पायली'. आणि आजोबांच्या हिशेबात तर या रेघाच रेघा आहेत, 'मजुरी २।', 'उसने ३॥।'. ही जुन्या हिशेबाची लिहिण्याची पद्धत. रुपयाचे सोळा आणे, चार आण्यांना एक उभी रेघ, आठ आण्यांना दोन, बारा आण्यांना तीन. तीच खूण मग पाव, अर्धा आणि पाऊण म्हणून शेराला, पायलीला, मणाला सगळीकडे लागली. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड. आजीने वही आजोबांची घेतली आणि आकडे लिहिण्याची रीतही तीच ठेवली.

फोनवर विचारलं तेव्हा आजी हसली. "कावं, तुले पाव दिसत नाई काय? सव्वा गंज पानी." काकू मागून म्हणाल्या, "नाही हो आई, बरोबरीनेच घालतो आपण." तिथे दोघींचं जुंपलं. काकू लग्न होऊन आल्यापासून दर चैत्रात या घरच्या कुरडया करत आल्या आहेत, आणि त्यांच्या कुरडया उत्तम होतात हे मी स्वतः खाऊन सांगते. मग वहीवर विश्वास ठेवायचा की हातावर?

भांडण मिटवायला एकच मार्ग होता, आणि तो आजीनेच सुचवला. त्या वर्षीचा चीक दोन भागांत करायचा.

कुरडईचा चीक कसा निघतो हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गहू तीन रात्री भिजतो, रोज पाणी बदलायचं, नाहीतर आंबट वास चढतो. चौथ्या दिवशी दाणा बोटात दाबला की पांढरं दूध बाहेर येतं. हा गहू वाटायचा, पाण्यात कालवून पिळायचा आणि पातळ फडक्यातून गाळायचा. वर कोंडा राहतो, खाली दूध पडतं. ते दूध पातेल्यात झाकून ठेवलं की सकाळपर्यंत सत्त्व तळाशी बसतं आणि वर पिवळसर पाणी येतं. वरचं पाणी ओतून टाकायचं. तळाशी राहिला तो चीक.

'ओतून टाकायचं' हे दोन शब्द वहीत नाहीत. 'चीक काढने' एवढ्यातच ते आले. आणि नेमकं तिथेच दोन्ही घरं वेगळी होतात. आजी दूध दोन रात्री ठेवते, मधल्या सकाळी वरचं पाणी बदलते, आणि शेवटी पातेलं इतकं कलतं करते की पाण्याचा थेंब राहत नाही. तिचा चीक पळीने कापून काढावा लागतो. काकू एक रात्र ठेवतात आणि चीक हलायला लागला की ओतणं थांबवतात, म्हणजे सत्त्व वाया जात नाही. त्यांचा चीक पळीवरून धारेने पडतो.

त्या दिवशीचा चीक आजीच्या पद्धतीचा होता. मे महिन्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेतीन तासांचं अंतर असतं. तिकडे पहाटेचे साडेचार, इकडे रात्रीचा एक. भावाने फोन चुलीसमोरच्या खिडकीत टेकवून ठेवला. दोन गंज, दोन्हीत पाण्याला आधण, दोन्हीत मीठ आणि पळीभर तेल. एकात चिकाइतकं पाणी, दुसऱ्यात सव्वापट. काकू चीक सोडत होत्या आणि शेजारच्या काकू लाकडी दांड्याने ढवळत होत्या. बरोबरीच्या पाण्याचा चीक दोन-तीन मिनिटांतच इतका ताठ झाला की दांडा फिरेना. मधे पांढऱ्या गाठी दिसत होत्या. वरचा भाग शिजून चिकट झाला आणि गाठीच्या आत कच्चं राहिलं; पाणी आतपर्यंत पोचायला जागाच नव्हती. सव्वाच्या गंजात आधी सगळं पातळ वाटलं, मग हळूहळू दाट होत गेलं, पांढरेपणा गेला आणि काचेसारखी चकाकी आली. आजीने बोट पाण्यात बुडवून त्या चिकावर टेकवलं. बोटाला काही लागलं नाही. "झालं," ती म्हणाली.

साच्यातही फरक कळला. ताठ चीक दाबताना काकूंच्या हाताला घाम फुटला आणि तार मधेच तुटत होती. सव्वाची तार अखंड पडली. बाजेवर पसरलेल्या धोतरावर दोन्हींच्या वेगळ्या कुरडया घातल्या. आमच्याकडे मेच्या मध्यावर ४३-४४ अंश ऊन असतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुरडया खणखणीत वाळल्या. बरोबरीच्या पाण्याच्या कुरडयांना चिरा गेल्या होत्या, उचलताना तुकडे पडले. तळल्यावर त्यांच्या तारांत मधे फुलायचा राहिलेला पांढरा कडक भाग दातांखाली येत होता.

वही बरोबर निघाली. पण म्हणून काकू चुकीच्या ठरत नाहीत, आणि ते कसं, हे मला कळल्याशिवाय पान पुरं करायचं नव्हतं. काकूंनी पुढच्या खेपेला आपल्या पद्धतीने चीक काढला, तेव्हा मी त्यांना तो काट्यावर घालायला सांगितलं. एक लिटरचं माप आजीच्या चिकाने भरलं तेव्हा वजन १ किलो १७० ग्रॅम आलं होतं, काकूंच्या चिकाने भरलं तेव्हा १ किलो १४०. फरक तीसच ग्रॅमचा, पण सत्त्व पाण्यापेक्षा जड असल्याने तेवढ्या फरकात प्रत्येक लिटरमागे जवळजवळ शंभर ग्रॅम सत्त्व कमी-जास्त होतं. काकूंच्या चिकात पाणी आधीच आहे. वरून त्या बरोबरीने घालतात आणि आजी सव्वापट घालते, तरी शिजणाऱ्या गंजात दोघींचा दाटपणा जवळपास एकच येतो. काकूंच्या पातळ चिकात सव्वा पाणी घातलं असतं तर तार बसून चपटी झाली असती आणि धोतराला चिकटली असती.

हे लिहून ठेवणं मला फार गरजेचं वाटलं, कारण परदेशात आमच्यासारखे लोक सगळंच काट्यावर मोजतात. इथे कुणी एक किलो घट्ट चीक घेऊन त्यात सव्वा किलो पाणी घातलं, तर त्याला वाटेल की आपण वहीबरहुकूम केलं. पण एक किलो चीक म्हणजे साडेआठशे मिलिलिटरच. पाणी प्रत्यक्षात जवळजवळ दीडपट झालं. आजीचा 'गंज' हे आकारमानाचं प्रमाण आहे. गंज केवढा आहे याने काहीच बिघडत नाही, चीक आणि पाणी एकाच भांड्याने मोजलं म्हणजे झालं. पायली आणि रुपयाभाराचा शोध घ्यायला मी एवढी धडपडले, आणि ज्या गंजाला मी मोघम समजत होते ते त्या पानावरचं सगळ्यात पक्कं माप निघालं. पायली चुकली तर कुरडया थोड्या कमी होतात. गंजाचं प्रमाण चुकलं तर सगळीच मेहनत वाया.

टाईप केलेल्या पानावर वहीच्या आठ ओळी वर आहेत. त्यांच्या खाली: गहू सपाट पायलीने ३ किलो १०० ग्रॅम, चीक साधारण ३ लिटर, पाणी पावणेचार लिटर, मीठ ४७ ग्रॅम. 'सव्वा' मी अक्षरात लिहिलं आहे. मूळ ओळीतली रेघ तशीच आहे, पण तिचा अर्थ पुढच्या वाचणाऱ्याला शोधावा लागू नये. त्याखाली काकूंचं प्रमाण, वाशीमकडचं म्हणून, आणि कोणता चीक कोणत्या प्रमाणाला ते. लिटरच्या मापाचं वजन ११७० च्या आसपास असेल तर सव्वा, ११४० च्या आसपास असेल तर बरोबरीने. प्रत्येक आकड्यापुढे तो कुणी मोजला तेही आहे.

इथे नेदरलँड्समध्ये कुरडया वाळवण्याइतकं ऊन नसतं, घरात वाळवायला ठेवल्या तर वाळायच्या आधी आंबूस होतात. पण चीक करता येतो. तीन वाट्या गव्हाचा चीक सव्वा पाण्यात शिजवला आणि गरम असतानाच त्यावर जवसाचं तेल, तिखट घालून खाल्ला. आमच्याकडे कुरडया घालायच्या दिवशी पोरांना सकाळी हेच मिळतं. चकाकी कधी येते हे फोनच्या पडद्यावरून कळलं नव्हतं, ते इथे कळलं. पांढरं दूध एका क्षणी कडेने पारदर्शक व्हायला लागतं, आणि तिथून पुढे झाकण ठेवून आणखी वाफ द्यावी लागते. नुसती कडेची चकाकी बघून उतरवलं तर मधे कच्चं राहतं. 'येईपावतर' म्हणजे सगळीकडे येईपर्यंत, हे मी टिपेत घातलं.

पूर्ण झालेलं पान मी आजीला फोनवर वाचून दाखवलं. तिने ग्रॅम-लिटर ऐकून घेतले, ११७० आणि ११४० पुन्हा एकदा म्हणायला लावले, आणि मग विचारलं की आभाळाचं काय लिहिलं. काहीच लिहिलं नव्हतं. अलीकडे चैत्र-वैशाखात अवकाळी येतो, आणि गहू तर तीन दिवस आधी भिजत पडलेला असतो. "मंग लिही," ती म्हणाली. "आभाळ दिसलं त चूल पेटवू नोको. चिकावरचं पानी बदल, अजून एक रात ठेव. दोन राती झाल्या त मंग ऊन येवो का न येवो, शिजवून पोराइले खाऊ घाल." ही ओळ तिच्या नावाने नवव्या जागी टाईप केली, तिने सांगितली तशी.